'मराठी दिसत नाही' हे वर्णन नव्हे



लंबकाचा प्रयोग करून आलेल्या विद्यार्थ्याने वहीत 'लंबक बरोबर चालत नाही' एवढेच लिहून आणले, तर शिक्षक ती वही परत करतील. दोऱ्याची लांबी किती होती, वीस आंदोलनांना किती सेकंद लागले, किती लागावयास हवे होते, हे ते विचारतील. यात कोणाला नवल वाटणार नाही. परंतु संगणक अडला म्हणजे तोच विद्यार्थी, आणि पुष्कळदा तेच शिक्षक, मदतकक्षाला पत्र धाडतात : 'मराठी दिसत नाही. कृपया त्वरित दुरुस्त करावे.'

मदतकक्षातील माणूस पुण्यात किंवा मुंबईत बसलेला असतो. शिरपूरच्या शाळेतील पडदा त्याला दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त तुमची दोन वाक्ये असतात. त्यांवरून त्याला काहीच ठरवता येत नाही, म्हणून तो विचारतो, 'नेमके काय दिसते?' हे उत्तर यायला एक दिवस गेला. तुम्ही कळवता, 'काहीतरी भलतीच अक्षरे दिसतात.' तो पुन्हा विचारतो, 'कोणती?' आणखी एक दिवस गेला. आठवडा संपतो तेव्हा तुम्ही म्हणता, मदतकक्ष निकामी आहे; आणि तो म्हणतो, या लोकांना सांगता येत नाही. माझ्या मते अशा दहापैकी बहुतेक प्रसंगी तोच खरा असतो. सगळी माहिती तुमच्या पडद्यावर होती, ती तुम्ही पाठवली नाही एवढेच.

मराठीच्या बाबतीत तर ही गोष्ट फारच गमतीची आहे. 'मराठी दिसत नाही' या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळे बिघाड दडलेले आहेत. त्यांची कारणे निराळी आणि उपायही निराळे. आणि मौज अशी की, मराठीच्या जागी जी भलती चिन्हे उमटतात तीच आपल्या बिघाडाचे नाव सांगत असतात. ती कशी, हे समजण्यासाठी थोडे आत जावे लागेल.

संगणक अक्षर साठवत नाही, संख्या साठवतो. कोणत्या संख्येला कोणते अक्षर म्हणावयाचे याचे एक कोष्टक ठरलेले असते. साठवणीचा एक घर म्हणजे एक बाइट, आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. इंग्रजीला एवढ्या जागा पुरून उरतात. पण जगातील सर्व लिप्या २५६ जागांत कशा बसणार? म्हणून १९९१ साली युनिकोड या सर्वसमावेशक कोष्टकाची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. या जागांचे क्रमांक मोठे असल्यामुळे ते बाइटांत कसे मांडावयाचे याची एक रीत १९९२ साली तयार झाली. तिचे नाव UTF-8. या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते.

आपल्या गावाचेच नाव घ्या. 'शिरपूर' यात संगणकाच्या दृष्टीने सहा चिन्हे आहेत : श, वेलांटी, र, प, ऊकार आणि र. म्हणून सहा त्रिक अठरा बाइट. पैकी श चे तीन बाइट २२४, १६४ आणि १८२ असे आहेत. हे तीन अंक लक्षात असू द्या.

आता समजा, ही फाइल अशा प्रोग्रामने उघडली, की ज्याला ती UTF-8 रीतीने लिहिलेली आहे हे कळलेच नाही. तो जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाने एकेक बाइट वेगळा वाचू लागतो. त्या कोष्टकात २२४ म्हणजे à, १६४ म्हणजे ¤ आणि १८२ म्हणजे ¶. एका श ची तीन चिन्हे झाली! संपूर्ण शब्द असा दिसतो :

```
à¤¶à¤¿à¤°à¤ªà¥‚à¤°
```

यात दर तिसऱ्या जागी à आहे, आणि त्याच्या मागोमाग ¤ किंवा ¥ आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, म्हणून असे होते. मदतकक्षातील जाणकाराला ही à ची रांग दिसली, की त्याला पुढे काही विचारावे लागत नाही. फाइल शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकला आहे, हे तो एका नजरेत सांगतो.

दुसरा प्रकार याहून अगदी वेगळा. तेथे गावाचे नाव असे दिसते :

```
f'kjiwj
```

येथे सगळी साधी इंग्रजी अक्षरे आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे छपाईसाठी अशी युक्ती करीत, की कोष्टक इंग्रजीचेच ठेवावयाचे आणि अक्षरांचे चित्र तेवढे मराठी काढावयाचे. j या इंग्रजी अक्षराच्या जागी र चे चित्र, i च्या जागी प चे. अशा चित्रसंचाला फॉन्ट म्हणतात. वर दिलेली अक्षरे कृतिदेव या फॉन्टची आहेत. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तेथे चित्र हरपते आणि मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आरंभीचे f म्हणजे वेलांटी, ती श च्या आधीच आली आहे, कारण छापताना ती डावीकडे बसते. श्री-लिपीसारख्या दुसऱ्या संचाची वाटणी वेगळी, त्यामुळे तेथे याच शब्दासाठी दुसरीच अक्षरे येतील. म्हणून 'काहीतरी इंग्रजी दिसते' असे लिहून भागत नाही. अक्षरे जशीच्या तशी कळवली, तर कोणता फॉन्ट हवा हेही ओळखता येते.

तिसरा प्रकार रिकाम्या चौकटींचा. अक्षरामागची संख्या ठीक आहे, कोष्टकही ठीक आहे, परंतु त्या संख्येचे चित्रच फॉन्टमध्ये नाही, म्हणून संगणक चौकट काढून मोकळा होतो. हा बिघाड सर्वांत निरुपद्रवी. मजकूर निवडून देवनागरी असलेला फॉन्ट दिला, की काम झाले.

चौथा प्रकार मात्र वाईट.

```
??????
```

सहा चिन्हांच्या जागी सहा प्रश्नचिन्हे. येथे वाचणारा चुकलेला नाही, लिहिणारा चुकला आहे. फाइल जतन करताना ती जुन्या पाश्चात्त्य कोष्टकात लिहिली गेली. त्या कोष्टकात श नाही आणि प नाही. मग प्रोग्रामने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकले. बाइटच बदलले. आता त्या फाइलमध्ये शिरपूर नाही, थाळनेर नाही, बोराडी नाही. फॉन्ट बदला, नाहीतर संगणक बदला, प्रश्नचिन्हेच राहणार.

हे तुम्हाला स्वतः करून पाहता येईल. नोटपॅडमध्ये शिरपूर एवढाच शब्द टाइप करा, पुढे जागा किंवा एंटर देऊ नका, आणि जतन करताना खाली Encoding समोर UTF-8 निवडा. फाइलच्या Properties मध्ये आकारमान १८ बाइट दिसेल. आता तीच फाइल दुसऱ्या नावाने, Encoding समोर ANSI निवडून जतन करा. नोटपॅड सावध करील, तरीही पुढे जा. आकारमान ६ बाइट होईल. बारा बाइट गेले ते परत येत नाहीत. (हा प्रयोग कामाच्या फाइलवर करू नये, हे सांगावयास नकोच. पण सांगितलेले बरे.)

म्हणजे मदतकक्षाच्या दृष्टीने à दिसणे आणि ? दिसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात उपाय एका मिनिटाचा. दुसऱ्यात मूळ प्रत शोधण्याखेरीज उपाय नाही. आणि आपण दोन्हींना 'मराठी दिसत नाही' म्हणतो!

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, तालुक्यातील एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांची नावे ऑनलाइन अर्जातून मागवली. २१४ नावे आली. ती prakalp.csv या फाइलमध्ये उतरवून घेतली. अशा फाइलमध्ये साधा मजकूर असतो आणि स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. शाळेच्या संगणकावर फाइलच्या नावावर दोनदा क्लिक केले, ती एक्सेलमध्ये उघडली, आणि प्रत्येक नावाच्या जागी à ची रांग. प्रमाणपत्रे शुक्रवारी छापावयाची आहेत.

अशा वेळी हात शिवशिवतात. कोणी फॉन्ट बदलून पाहतो, कोणी दुसऱ्या नावाने जतन करतो, कोणी संगणक बंद करून चालू करतो. माझे स्पष्ट मत असे, की या क्षणी काहीही जतन करू नये. मूळ फाइलची एक प्रत प्रथम बाजूला ठेवावी. प्रयोगशाळेत उपकरण बिघडले, तर वाचन नोंदवल्याशिवाय आपण त्याचे स्क्रू ढिले करीत नाही, तसेच हे. आज à दिसणारी फाइल दोन-तीन उलटसुलट जतनांनंतर अशा अवस्थेला जाते, की मूळ बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे कोणालाच उकलत नाही.

त्यानंतर फक्त एक चाचणी करावी, जिच्यामुळे फाइल बदलत नाही. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तेथे नावे नीट दिसली, तर दोष फाइलमध्ये नसून एक्सेलने ती वाचण्यात आहे, हे सिद्ध झाले. नोटपॅडच्या खालच्या पट्टीवर उजवीकडे UTF-8 किंवा ANSI असे लिहिलेले असते, तेही टिपून घ्यावे. एका चाचणीने बिघाडाच्या शक्यता निम्म्याहून कमी होतात. मदतकक्षाने तुम्हाला पहिल्या उत्तरात हीच चाचणी करावयास सांगितली असती. ती आधीच केली, की एक दिवस वाचतो.

आता पत्र लिहू.

'विषय : prakalp.csv एक्सेलमध्ये उघडली असता देवनागरीऐवजी à¤ अशी चिन्हे दिसतात.

आमच्या संगणकावर विंडोज ११ आणि एक्सेल २०२१ आहे. ऑनलाइन अर्जातून उतरवलेली prakalp.csv ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. गाव या स्तंभात शिरपूर दिसावयास हवे होते, त्याऐवजी à¤¶à¤¿à¤°à¤ªà¥‚à¤° असे दिसते. सर्व २१४ ओळींत देवनागरी मजकुराचे असेच झाले आहे. इंग्रजी अक्षरे आणि आकडे बरोबर आहेत. हीच फाइल नोटपॅडमध्ये बरोबर दिसते व खालच्या पट्टीवर UTF-8 असे आहे. एक्सेलमध्ये उघडल्यानंतर आम्ही काहीही जतन केलेले नाही. मूळ फाइल वेगळी ठेवली आहे. हाच दोष दाखवणारी दोन ओळींची नमुना फाइल सोबत जोडली आहे. आम्हाला ही नावे एक्सेलमध्ये हवी आहेत. छपाई शुक्रवारी दुपारी आहे.'

पत्र फार मोठे नाही. पण त्यातील एकेक वाक्य कशासाठी आहे ते पाहा. काय केले, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, ही तीन वाक्ये शेजारी शेजारी आहेत. यांपैकी मधले वाक्य लोक हमखास गाळतात. तुम्हाला वाटते, शिरपूर हवे होते हे उघडच आहे. तुमच्या दृष्टीने उघड असेल. पण पुण्यातील माणसाने तुमचे गाव पाहिलेले नाही. हवा असलेला शब्द आणि आलेली चिन्हे दोन्ही मिळाली, म्हणजे त्याला सहाला अठरा हे गुणोत्तर मोजता येते, आणि त्याचे निदान तर्कावर न राहता पुराव्यावर येते.

'इंग्रजी अक्षरे आणि आकडे बरोबर आहेत' हे वाक्यही असेच बहुमोल आहे. काय बिघडले याबरोबर काय बिघडलेले नाही हे सांगितल्याने शोधाचे क्षेत्र आवळत जाते. फाइल अर्धवट उतरली असेल, ही शंका त्याने जवळजवळ मिटते.

पत्रात एक गोष्ट मुद्दाम नाही : 'बहुधा व्हायरस आला असावा.' आपले अनुमान लिहू नये असे माझे म्हणणे नाही. लिहावे, पण शेवटी, आणि अनुमान म्हणून. ते पहिल्या ओळीत आले, की वाचणारा व्हायरसच्या मागे लागतो आणि à ची रांग तशीच पडून राहते.

छायाचित्राविषयी माझे मत काहींना पटणार नाही. हल्ली जो तो भ्रमणध्वनीने पडद्याचा फोटो काढून धाडतो आणि काम झाले असे मानतो. फोटो जरूर जोडावा. चौकटींच्या प्रकारात तर तो हवाच. पण केवळ फोटो पुरेसा नाही. तिरप्या, चकाकणाऱ्या फोटोत ¤ आणि ¥ यांतला फरक कोण ओळखणार? शिवाय फोटोतली चिन्हे ही चित्रे असतात, त्यांच्यामागची संख्या फोटोत येत नाही. पडद्यावरची चिन्हे निवडून, नक्कल करून पत्रात चिकटवली, म्हणजे त्या संख्याच पोचतात आणि समोरचा माणूस त्या आपल्या संगणकावर तपासू शकतो.

नमुना फाइलचे कारण वेगळे आहे. २१४ मुलांची नावे आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक परक्या माणसाला पाठवण्याचा आपल्याला काय अधिकार? म्हणून मूळ फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडावी, शीर्षकाची ओळ आणि एक ओळ ठेवून बाकीच्या खोडाव्यात, राहिलेल्या ओळीत कल्पित नाव आणि खोटा क्रमांक घालावा, आणि जतन करताना Encoding बदलू नये. मग ती फाइल एक्सेलमध्ये उघडून तोच दोष येतो ना, हे पाहावे. न आला, तर ती पाठवण्यात अर्थ नाही. मात्र दोष मोठ्या फाइलमध्ये येतो आणि लहान फाइलमध्ये येत नाही, ही माहिती पत्रात अवश्य लिहावी.

याच शाळेत दुसराही प्रसंग घडू शकला असता. समजा, शिक्षकांनी नावे स्वतः एक्सेलमध्ये टाइप केली, आणि पुढच्या कार्यालयाला CSV हवी म्हणून जतन करताना CSV (Comma delimited) हा प्रकार निवडला. पडद्यावर नावे अजून छान मराठीत दिसतात, कारण ती संगणकाच्या स्मृतीत आहेत. तबकडीवर मात्र प्रश्नचिन्हे लिहून झालेली आहेत. एक्सेल बंद करून फाइल पुन्हा उघडली, की कळते; आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून अशा बिघाडात 'एक्सेल अजून उघडे आहे, आम्ही ते बंद केलेले नाही' हे पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठरते. उघडे असेल, तर Excel Workbook या प्रकारात पुन्हा जतन करून सगळी नावे वाचतात. बंद झाले असेल, तर नावे पुन्हा टाइप करावी लागतात. वेळेचा क्रम लिहावा असे मी म्हणतो ते याचसाठी : आधी काय केले, मग काय दिसले, त्यानंतर काय केले.

मदतकक्षांचेही चुकते, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तक्रारीच्या अर्जात 'इतर' या सदराखेरीज आपला बिघाड कोठेच बसत नाही, आणि पत्र नीट न वाचता 'संगणक बंद करून चालू करा' असे ठरीव उत्तर येते. काही बिघाड असेही असतात, की कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. तेथे कितीही चांगले पत्र लिहिले तरी एका उत्तरात भागत नाही. प्रत्येक वेळेची तारीख आणि घटका टिपत राहावी लागते. अक्षरांचा बिघाड तसा नाही. तो दर वेळी तसाच येतो, म्हणूनच तो एका उत्तरात सुटू शकतो आणि सुटायला हवा.

आपल्या पत्राला कोणते उत्तर येईल ते पाहा. एक्सेलमध्ये रिकामी फाइल उघडा. Data या विभागात From Text/CSV निवडा आणि prakalp.csv दाखवा. समोर आलेल्या खिडकीत File Origin च्या जागी हे निवडा :

```
65001: Unicode (UTF-8)
```

खालच्या नमुन्यात नावे तत्काळ मराठीत दिसू लागतील. Data Type Detection येथे Do not detect data types निवडा, नाहीतर ००७ सारख्या हजेरी क्रमांकांची आरंभीची शून्ये गळतील. मग Load. फाइल Excel Workbook म्हणून जतन करा. पुढे कोणाला CSV द्यावयाची झाल्यास CSV UTF-8 (Comma delimited) हाच प्रकार निवडा.

उत्तर मिळाल्यावर एवढे करून पाहावे आणि छापण्यापूर्वी 'कृष्णा', 'ज्ञानेश्वर' अशी जोडाक्षरांची दोन-चार नावे, यादीतील शेवटची ओळ आणि एकूण २१४ हा आकडा ताडून घ्यावा. सर्व जुळल्यास मदतकक्षाला 'जमले' असे एका ओळीत कळवावे. तक्रार त्यांच्या वहीत तोवर उघडीच राहते.